बाटलीतली साखर चमच्यांत सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.



सुरुवात आभारांनी करते. तुमच्या प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांमुळे शीतपेयाच्या बाटलीवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे छापले जाऊ लागले. आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे आकडे रोज उपयोगी पडतात. पण ज्या माणसासाठी ते छापले जातात, त्याला त्यातून काय कळते, हे मी रोज समोर बसून पाहते. त्याबद्दलच हे पत्र आहे.

सल्ल्यासाठी येणाऱ्यांच्या हातात मी एखाद्या कोलाची बाटली देते आणि विचारते, "यात साखर किती?" लोक बाटली फिरवतात, मागचे बारीक अक्षरांतले कोष्टक शोधतात आणि दिसेल तो आकडा वाचून दाखवतात. मध्यंतरी एक तरुण आला होता. दिवसभर दुचाकीवरून पार्सले पोचवण्याचे त्याचे काम. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. चहा त्याने बिनसाखरेचा केला होता, गोड बंद केले होते. दुपारी वडापावबरोबर मात्र तो ६०० मिलिलिटरची कोला घेत असे. बाटली वाचून तो म्हणाला, "मॅडम, दहा ग्रॅमच तर आहे." लेबलवर '१०.६ ग्रॅम' असे खरोखरच छापलेले होते. फक्त तो आकडा १०० मिलिलिटरचा होता, आणि त्याच्या हातात अशा सहा शंभरांची बाटली होती.

त्याच्याकडून हिशेब कागदावर करून घेतला, तो इथे मांडते. १०.६ ला ६ ने गुणले की ६३.६ ग्रॅम होतात. ही त्या बाटलीत घातलेली साखर. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणून ६३.६ ला ४ ने भागले. जवळजवळ १६ चमचे झाले. एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी ऊर्जा देते, म्हणून ६३.६ ला ४ ने गुणले. साधारण २५४ किलोकॅलरी झाल्या. घरच्या मध्यम आकाराच्या, २५ ग्रॅम कणकेच्या तीन फुलक्यांतून जवळपास एवढीच ऊर्जा मिळते. पण फुलक्यांबरोबर तंतुमय भाग आणि प्रथिनेही पोटात जातात, कोलाबरोबर साखरेखेरीज ऊर्जा देणारे जवळजवळ काहीच जात नाही. किलोकॅलरींचा आकडा त्याने शांतपणे ऐकून घेतला. सोळा चमचे म्हटल्यावर मात्र तो थांबला आणि त्याने पुन्हा स्वतः भागाकार करून पाहिला.

आपल्या घरांत साखर ग्रॅममध्ये कोणीच मोजत नाही. पाहुणा आला की आपण "साखर किती?" विचारतो आणि तो "एक चमचा" किंवा "अर्धाच" म्हणतो. आजीला ठाऊक असते की दोन चमच्यांचा चहा गोड असतो, तीनचा फार गोड आणि चारचा घशाखाली उतरत नाही. हे ज्ञान जिभेवर आहे, त्याला शाळेची गरज लागत नाही. लेबलवरचे ग्रॅम या ज्ञानापर्यंत पोचतच नाहीत.

या हिशेबात चार हा आकडा दोनदा येतो आणि तिथेच लोक गोंधळतात. चमचे काढायला ग्रॅमला चारने भागायचे, कॅलरी काढायला ग्रॅमला चारने गुणायचे. उलटसुलट झाले तर ६४ ग्रॅमचे २५६ चमचे होतात आणि ऐकणारा हसून सगळा हिशेबच सोडून देतो. म्हणून मी लोकांना एक ताळा शिकवते: एका चमच्याला १६ किलोकॅलरी. सोळा चमचे गुणिले सोळा म्हणजे २५६. वर २५४ आले होते, म्हणजे हिशेब जुळला. बाहेरून आलेल्या काही कॅनवर ऊर्जा किलोज्यूलमध्ये असते; तिला ४.२ ने भागले की किलोकॅलरी मिळतात. आणि बोलताना आपण नुसते 'कॅलरी' म्हणतो, तेव्हा अर्थ किलोकॅलरी असाच असतो.

चमचा हे कच्चे माप आहे, असा आक्षेप तुमच्यासमोर नक्की येईल, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. प्रमाणित चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला जातो. दाणेदार साखरेने तो सपाट भरला, म्हणजे सुरीच्या पात्याने वरची साखर सारून काढली, की साधारण ४.२ ग्रॅम भरतात. सोयीसाठी आपण ४ धरतो. शिगोशीग भरला तर तोच चमचा ६-७ ग्रॅमवर जातो, आणि आपल्या घरांतले बहुतेक चमचे शिगेनेच भरले जातात. पिठीसाखर आणि जाड दाण्याची साखर एकाच चमच्यात सारखी भरत नाही. स्टीलच्या चमच्यांतही कुठला उथळ, कुठला खोल. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल वजनकाट्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा, तिच्यात दहा सपाट चमचे साखर घालावी आणि वजनाला दहाने भागावे. एकच चमचा मोजू नये, कारण घरगुती काटे बहुधा पूर्ण ग्रॅमच दाखवतात आणि एका चमच्यात त्यांची चूक मोठी दिसते.

आता या कच्चेपणाने किती फरक पडतो ते पाहा. त्याच ६०० मिलिलिटरच्या बाटलीला ४ ऐवजी ४.२ ने भागले तर १५ चमचे येतात. पंधरा की सोळा, यावरून कोणाचाही निर्णय बदलणार नाही. लेबलवर १०.६ वाचून संपूर्ण बाटलीत अडीच चमचे साखर आहे असे समजणे, ही खरी मोठी चूक आहे. ती चूक सुशिक्षित माणसेही करतात, आणि आजचे लेबल त्यांना त्यापासून वाचवत नाही.

दुसरी अडचण टक्क्यांची आहे, आणि ती मला चमच्यांपेक्षाही जास्त छळते. नियमांप्रमाणे प्रत्येक 'सर्व्हिंग'मधून दिवसाच्या शिफारशीतला किती टक्के वाटा जातो, हे लिहावे लागते. त्यासाठी दिवसाला २००० किलोकॅलरी आणि घातलेली साखर ५० ग्रॅम धरली आहे. आपल्या कोलाची सर्व्हिंग लेबलवर २०० मिलिलिटर धरलेली असली, तर साखर २१.२ ग्रॅम होते, म्हणजे ४२ टक्के. त्याच कोष्टकात ऊर्जेच्या ओळीत १०० मिलिलिटरला ४४ किलोकॅलरी असतात. २०० मिलिलिटरच्या ८८ झाल्या, म्हणजे २००० च्या साडेचार टक्क्यांहूनही कमी. एकाच पेयाचा एक आकडा ४२ टक्के आणि दुसरा ४ टक्के. वजनाची काळजी असलेला माणूस ऊर्जेची ओळ वाचतो आणि निर्धास्त होतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पण पूर्ण बाटली पिणाऱ्याच्या पोटात दिवसाच्या साखरेच्या १२७ टक्के जातात, आणि हा आकडा बाटलीवर कुठेच नसतो.

५० ग्रॅमबद्दलही थोडे सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की मोकळ्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, आणि ५ टक्क्यांखाली ठेवता आली तर अधिक बरे. २००० किलोकॅलरींचे १० टक्के म्हणजे २००, आणि त्याला ४ ने भागले की ५० ग्रॅम, म्हणजे साडेबारा चमचे. ५ टक्के धरले तर २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे आणि वर थोडी. अडीचशे मिलिलिटरची छोटी बाटली घ्या: १०.६ गुणिले अडीच, म्हणजे २६.५ ग्रॅम, साडेसहा चमचे, १०६ किलोकॅलरी. 'लहानच तर आहे' म्हणून आपण मुलाच्या हातात ठेवतो ती बाटली एकटीच ही दुसरी मर्यादा ओलांडते. आणि मर्यादा २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी काढली आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची गरज त्याहून बरीच कमी असते.

जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली, तेव्हा मला आनंद झाला होता. पण ठळक व्हायची होती ती दर सर्व्हिंगची टक्केवारीच. २०० मिलिलिटरचे ४२ टक्के मोठ्या अक्षरांत छापले, तरी ६०० मिलिलिटरची बाटली पिणाऱ्याला ते ४२ च दिसणार. अक्षर वाढवण्याआधी कोणत्या प्रमाणाचा आकडा वाढवायचा, हे ठरवायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

याचे उत्तर इतरत्र सापडलेले आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ मध्ये नियम बदलले. तिथे पेयाचे संदर्भ-प्रमाण १२ औंस, म्हणजे ३६० मिलिलिटर धरले आहे. बाटलीत त्याच्या दुपटीहून कमी पेय असेल, तर सगळी बाटली ही एकच सर्व्हिंग मानून आकडे छापावे लागतात. त्यामुळे तिथली २० औंसाची, म्हणजे ५९१ मिलिलिटरची बाटली अडीच सर्व्हिंगची राहू शकत नाही. दुप्पट ते तिप्पट या टप्प्यातल्या बाटलीवर दोन रकाने लागतात, एक सर्व्हिंगचा आणि एक पूर्ण बाटलीचा. यामागचा विचार साधा आहे: माणूस एका बैठकीत जेवढे पितो, तेवढ्याचा आकडा त्याला मिळाला पाहिजे. आपल्या नियमांतही १०० मिलिलिटर किंवा एका वेळी संपणारे पाकीट, असा पर्याय आहेच. तो कंपनीच्या मर्जीवर न सोडता, ७५० मिलिलिटरपर्यंतच्या प्रत्येक बाटलीला पूर्ण बाटलीचा आकडा बंधनकारक करावा, ही माझी पहिली मागणी आहे. तुलनेसाठी १०० मिलिलिटरचा रकाना शेजारी राहू द्यावा. दोन पेयांत जास्त गोड कोणते, हे त्यावरूनच कळते.

सव्वादोन लिटरच्या बाटलीची गोष्ट निराळी. तिच्यात २३८ ग्रॅम, म्हणजे साठ चमचे साखर असते, पण ती घरभर वाटली जाते. तिथे माझ्यासारखीला पेल्याने बोलावे लागते. आपल्या घरचा पेला किती मिलिलिटरचा, हे कोणालाच माहीत नसते. पाण्याची मापाची बाटली घेऊन एकदा भरून पाहिले की कळते. स्टीलचा मोठा पेला ३०० मिलिलिटरपर्यंत जातो, तेव्हा त्यात आठ चमचे साखर येते. बर्फ घातला तर पेय कमी मावते, म्हणून मोजणी बर्फाशिवाय करावी. अशा बाटल्यांवर २५० मिलिलिटरचा आकडा आणि पूर्ण बाटलीचा आकडा, असे दोन्ही यावेत.

चमच्यांचा हिशेब कोणत्या ओळीवरून करायचा, हेही लेबलवरच स्पष्ट व्हायला हवे, कारण इथे जाणकारही चुकतात. कोलामध्ये प्रश्न येत नाही. तिथे एकूण साखर आणि घातलेली साखर सारखीच असते. सुगंधी दुधाची २०० मिलिलिटरची बाटली घेऊ. समजा १०० मिलिलिटरला एकूण साखर १२.२ ग्रॅम आणि घातलेली ७.५ ग्रॅम आहे. मधला ४.७ चा फरक म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, लॅक्टोज. घातलेली साखर बाटलीभर १५ ग्रॅम, म्हणजे पावणेचार चमचे आणि ६० किलोकॅलरी. एकूण साखरेची ओळ धरली तर सहा चमचे येतात आणि दुधावर विनाकारण ठपका पडतो. लेबलवरच्या एकूण ऊर्जेला १६ ने भागले तर उत्तर आणखी फुगते, कारण त्या ऊर्जेत दुधाची स्निग्धता आणि प्रथिनेही आहेत. सोळाचा ताळा फक्त त्या पेयांना लागू पडतो ज्यांत साखरेखेरीज ऊर्जा देणारे काही नाही.

फळांच्या रसाचे नेमके उलटे होते. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या शंभर टक्के रसात घातलेली साखर शून्य दिसते, पण एकूण साखर १०० मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास असू शकते. जागतिक आरोग्य संघटना रसातली ही साखर मोकळ्या साखरेतच धरते. म्हणून रसासाठी मी लोकांना एकूण साखरेची ओळ वाचायला सांगते. २०० मिलिलिटरच्या डब्यात २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. आंब्याच्या पेयांत दोन्ही प्रकार एकत्र येतात. तिथे दोन्ही ओळी पाहाव्या लागतात. साखरेऐवजी कृत्रिम गोडी असलेल्या पेयांत चमच्यांचा हिशेब शून्य येतो, आणि त्यांच्याविषयीचे प्रश्न वेगळे आहेत, ते या पत्रात आणत नाही.

माझी दुसरी मागणी बाटलीच्या दर्शनी भागाविषयी आहे. तिथे एक ओळ असावी: 'या बाटलीत घातलेली साखर ६४ ग्रॅम, म्हणजे १६ सपाट चमचे, २५४ किलोकॅलरी.' वैधमापन कायदा २००९ प्रमाणे मेट्रिक मापे अनिवार्य आहेत, याची मला कल्पना आहे. ग्रॅम काढून टाका असे मी म्हणत नाही. ग्रॅम आधी, चमचा त्याच्या शेजारी. चमचा ४ ग्रॅमचा, हे प्राधिकरणाने एकदा अधिसूचनेत लिहून टाकावे आणि उत्तर जवळच्या अर्ध्या चमच्यापर्यंत पूर्ण करायला सांगावे. म्हणजे कोणत्याही कंपनीला आपल्या सोयीचा मोठा चमचा निवडता येणार नाही. हा मुद्दा लहान वाटेल, पण चमचा ५ ग्रॅमचा धरला की तेच सोळा चमचे तेराच्याही खाली येतात.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. फलक लावणाऱ्या शिक्षकाला आज प्रत्येक पेयाचा हिशेब स्वतः करावा लागतो, आणि तो १०० मिलिलिटरवर अडकला तर शंभर मुले चुकीचा आकडा घरी घेऊन जातात. बाटलीवरच चमचे छापलेले असतील, तर त्याला फक्त वाचून दाखवायचे राहील.

लेबलची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असली तरी नियमांना पुरेसे असते. साताऱ्याच्या बाजारात बाटली घेणाऱ्या अनेकांना त्या बारीक कोष्टकातले काहीच वाचता येत नाही. म्हणून चमच्यांचा आकडा शब्दांबरोबर चित्रांतही यावा, जितके चमचे तितकी चित्रे, टोपणाच्या खाली एका ओळीत. अर्ध्या चमच्याला अर्धे चित्र. अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा कोला, आंबा पेय, सुगंधी दूध आणि रस या चारही प्रकारांचे असे नमुना लेबल सोबत जोडावे, ही विनंती. लोक बाटली हातात धरून त्यावर मत देऊ शकतील.

आपली,
एक आहारतज्ज्ञ,
सातारा